ग आणि म यांची खोली

माझ्या टेबलावर दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत. एक ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कोरलेली पितळी डाय आणि दुसरं त्याच डायने दाबलेलं, डोंबिवलीच्या एका स्नेह्यांच्या रोजनिशीचं चामडी वेष्टन. मोनोग्राम एकच. पितळेवर अक्षरं उठावात आणि उलटी आहेत, चामड्यात ती खोल आणि सुलटी आहेत. नवरा-बायकोच्या नावांतलं एकेक आद्याक्षर, ग आणि म, एकाच शिरोरेषेखाली आणलं आहे. रंग नाही, सोनेरी वर्ख नाही. जे काही दिसतं ते खोली आणि उजेड यांच्या जोरावर.

आधी अक्षरांची जुळणी पाहू. ग चा उजवा दंड हाच म चा डावा दंड आहे. अशी भागीदारी देवनागरीत नवी नाही. जोडाक्षर लिहिताना आपण रोज तेच करतो, आणि धोकाही तिथेच आहे. दंड गेलेला ग म ला चिकटला की 'युग्म'मधला ग्म तयार होतो. मग वाचणाऱ्याला दोन माणसं न दिसता अर्धा ग दिसेल. रेखाटणाऱ्याने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. मधला दंड त्याने म च्या गाठीपाशी थांबवलेला नाही, तो थेट तळरेषेपर्यंत उतरवला आहे. गाठीखाली उरलेल्या दंडाच्या त्या चार-पाच मिलिमीटरच्या तुकड्याने ग पुरा होतो. म ची गाठ दंडाच्या कमरेला डावीकडे लटकते आणि ग च्या वळणाने मोकळ्या सोडलेल्या जागेत नेमकी बसते. कागदावर ही जागा पुरेशी वाटते. चामड्याला मात्र ती पुरली नाही.

पहिल्या नमुन्यात ग चं वळण आणि म ची गाठ यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर होतं. चामडं अडीच मिलिमीटर जाड. दोन्ही बाजूंनी पितळ खाली आलं की मधल्या चिंचोळ्या पट्टीला वर उभं राहायला आधारच राहत नाही, तीही दोन्ही अक्षरांबरोबर खाली दबते. नमुन्यात तिथे एक सपाट, गुळगुळीत डबकं झालं होतं. "काका, पितळ जाईल हो कुठेही, चामडं नाही जात. जागा द्या," असं कारागीर म्हणाला आणि त्याने गाठ थोडी आखडून अंतर सव्वा मिलिमीटर केलं. गाठीच्या पोटातला ठिपकाही त्याने वाढवला. आता भिंग लावून पाहिलं तर त्या ठिपक्याचा माथा आजूबाजूच्या चामड्याच्या पातळीला आहे. दाबलेला मोनोग्राम पारखायचा असेल तर मोठ्या रेषांकडे न जाता आधी अशी बेटं पाहावीत. बेट बुडालं असेल तर अक्षरं कागदाच्या हिशेबाने आखलेली असतात.

आता पितळ. डाय कोरणारं यंत्र संगणकाच्या आज्ञेने चालतं, पण शेवटचं काम हाताचं आहे. अक्षराच्या भिंती सरळ उभ्या नाहीत, त्या तळाकडे पसरत जातात. भिंत उभी ठेवली तर तिची कड चामड्याच्या वरच्या थराला सुरीसारखी कापते. ठसा पहिल्या दिवशी कमालीचा रेखीव दिसतो आणि महिन्याभरात कडेने भेगा जातात. म्हणून भिंतीला उतार द्यायचा आणि माथ्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित मारायच्या. किती मारायच्या हे हाताला कळतं. जास्त मारल्या की ठसा वितळलेल्या साबणासारखा दिसू लागतो. उलट्या अक्षराचं हे काम आपल्याकडे जुनं आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादात देवनागरीचे पंच कापले, तेही असेच उलटे आणि उठावात होते. मग ते पंच तांब्यात ठोकून मातृका व्हायची आणि तिच्यातून खिळे ओतले जायचे. तिथे अक्षर शेवटी शाईने कागदावर सपाट व्हायचं. इथे ते खोलच राहतं, आणि त्यामुळे उजेडाचा प्रश्न उभा राहतो.

ठशाची खोली आहे पाऊण मिलिमीटरहून किंचित जास्त, ०.८ धरू. दंडाची रुंदी अडीच मिलिमीटर, शिरोरेषेची दोन. दिवा डावीकडे ठेवून इतका खाली आणला की प्रकाश चामड्याशी १५ अंशांचा कोन करतो, तर दंडाच्या डाव्या कडेची सावली तीन मिलिमीटर लांब पडते, म्हणजे दंडाच्या रुंदीपेक्षा जास्त. दंड शाईने भरल्यासारखा काळा होतो. खोली दिसतच नाही, फक्त काळी रेघ दिसते. दिवा ३० अंशांवर चढवला की सावली १.४ मिलिमीटरवर येते. अर्धा दंड काळा, बाकीचा तळ उजळ, आणि उजव्या भिंतीच्या उतारावर एक लखलखीत कड. इथे डोळ्याला तिन्ही गोष्टी मिळतात आणि खोली मोजल्यासारखी कळते. खरोखरच्या ठशात सावली डाव्या भिंतीखाली आणि चमक उजव्या भिंतीवर, हे ध्यानात ठेवलं की पुढची गंमत समजते.

दिवा ३० अंशांवरच ठेवून बरोबर डावीकडून उजेड टाकला, तेव्हा तिन्ही उभ्या रेषा ठळक झाल्या आणि शिरोरेषा जवळजवळ नाहीशी झाली. उजेड तिच्या लांबीच्या दिशेने वाहत गेला, तिच्या वरच्या-खालच्या भिंतींना सावली पाडायला कारणच उरलं नाही. दिवा फिरवून थेट वरच्या बाजूला नेला, तर शिरोरेषा उठून दिसली आणि दंड विरले. डोक्यावर छप्पर आहे, खाली घर नाही. रोमन लिपीतल्या ओ किंवा एस या अक्षरांना ही अडचण एवढी नाही, कारण त्यांची वळणं सगळ्या दिशांना फिरतात आणि कुठून ना कुठून सावली पकडतात. देवनागरीचा सांगाडा मात्र आडवी रेषा आणि उभा दंड या दोनच दिशांचा आहे. म्हणून आपल्या अक्षरांना उजेड तिरपाच हवा, डाव्या वरच्या कोपऱ्यातून. तसा टाकला की सावलीची रुंदी दंडातही आणि शिरोरेषेतही सारखीच, साधारण एक मिलिमीटर येते. दोन मिलिमीटरच्या शिरोरेषेची निम्मी रुंदी भरते, दंडाची निम्म्याहून थोडी कमी, आणि दोन्ही मिळून अक्षर उभं राहतं. गाठीखालचा तो तुकडाही याच उजेडात वाचता येतो, कारण गाठीची सावली त्याच्या डोक्याशीच थांबते.

घराच्या छताच्या ट्यूबलाइटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. उजेड सगळीकडून येतो, सावल्या एकमेकींना पुसतात आणि एवढं काम केलेला ठसा पाण्याच्या डागासारखा वाटतो. दुकानात वस्तू आवडते आणि घरी आणल्यावर फिकी वाटते, त्यात बऱ्याचदा विक्रेत्याच्या स्पॉटलाइटचा हात असतो.

पितळी डायचा न्याय वेगळा आहे. पॉलिश केलेलं पितळ सावली धरत नाही, ते समोरचं दाखवतं. चामड्याचा तळ उजेड घेऊन तो सगळीकडे पसरवतो. पितळेची प्रत्येक भिंत मात्र खोलीचा एकेक भाग उचलते, डावी भिंत खिडकी, उजवी माझा शर्ट. म्हणून डाय नुसत्या दिव्याखाली गोंधळलेली दिसते. बाजूला एक कोरा पांढरा कागद उभा केला की ती शांत होते: कागदाकडच्या भिंती पांढऱ्या, दुसऱ्या बाजूच्या काळ्या. त्याच वेळी यंत्राच्या कटरने तळावर सोडलेल्या समांतर लकेरीही दिसतात. चामड्यात त्या उतरत नाहीत, कारण चामड्याला तळ लागत नाही, लागतो तो माथा.

फोटो काढताना आणखी एक फसगत होते. आपला डोळा उजेड वरून येतो असं गृहीत धरतो. मोबाइल उलटा धरून काढलेल्या फोटोत सावली खालच्या कडेला जाते आणि खोल अक्षरं क्षणात फुगलेली दिसतात. स्नेह्यांना पाठवलेला पहिला फोटो तसाच होता आणि त्यांना वाटलं, आपण दाबून मागितलं होतं तर हे उठवून का दिलं.

इथे कल्याण-डोंबिवलीच्या भांड्यांच्या दुकानांकडे पाहायला हवं. तांब्यावर, परातीवर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव कुठल्याही उजेडात वाचता येतं, अगदी लग्नाच्या मांडवातल्या गॅसबत्तीखालीही. टिंब गोल असतं, त्याला सगळ्या दिशांची भिंत असते, आणि ठोक्याने त्याच्याभोवती धातूचा एक बारीक काठ वर येतो. उजेड कुठूनही आला तरी प्रत्येक टिंबाचा एक भाग चमकतो आणि एक काळा होतो. शिरोरेषाही टिंबांची असल्याने ती हरवत नाही. भांडं गर्दीतून घरी परत यावं एवढीच त्या नावाकडून अपेक्षा असते, आणि ती टिंबं पुरी करतात. नजाकत म्हणाल तर तिथे नाही.

चामडं निवडताना मी एकाच गोष्टीवर अडून बसलो होतो: बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला लागतं तसं. क्रोमने कमावलेलं चामडं रबरासारखं परत फुगतं आणि आठवड्याभरात ठसा निम्मा उरतो. सालीचं चामडं ओलसर करून दाबलं की तंतू जिथे बसतात तिथेच राहतात. फक्त ओल्या चामड्यावर तापलेली डाय ठेवायची नाही. ओलं सालीचं चामडं सत्तर-ऐंशी अंश सेल्सियसलाच आक्रसतं, काळं पडतं आणि कडक होऊन पुढे तुटतं. ओलं असेल तर डाय थंड आणि दाब जास्त वेळ, कोरडं असेल तर डाय गरम आणि दाब कमी वेळ. या वेष्टनावर पहिला मार्ग घेतला आहे. ते कुठे कळतं? तळाचा रंग बाजूच्या चामड्यापेक्षा फक्त एक छटा गडद आहे, आणि दाबाने आलेली मऊ झिलई आहे. भाजल्याचा तपकिरी काठ कुठेच नाही.

पावसाळ्यात या खाचांत पांढरी बुरशी धरते, ठाण्याच्या हवेत तर नक्कीच. ती कोरड्या मऊ टूथब्रशने, दंडाच्या लांबीच्या दिशेने काढावी. तेल चोपडायचा मोह टाळलेला बरा. तेलाने तंतू सैल होतात, दबलेला तळ वर येऊ लागतो, आणि ०.८ चे ०.६ झाले की वर सांगितलेला सगळा उजेडाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.