बहुमताने घडवलेली भाषा

माझं औपचारिक शिक्षण वाणिज्य शाखेचं. भाषाशास्त्र मी नोकरी सांभाळून, मिळेल ते वाचून शिकलो. त्या वाचनामागे एक जुनी आठवण आहे. शाळेत पहिल्याच निबंधात मी ‘माका’ लिहिलं आणि गुरुजींनी त्यावर तांबडी रेघ मारून ‘मला’ लिहिलं. घरात आई म्हणायची तो शब्द चुकीचा कसा, हे मला कोणी सांगितलं नाही. प्रमाणभाषेला माझा विरोध नाही. हा लेखही मी तिच्यातच लिहितो आहे. पण ती कुठे वापरावी, हा प्रश्न तिचे नियम करण्याइतकाच महत्त्वाचा असतो. स्वित्झर्लंडमधल्या रोमान्श भाषेने या प्रश्नाची मोठी किंमत मोजली.

आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत बोलली जाणारी रोमान्श २०००च्या जनगणनेत सुमारे ३५ हजार लोकांनी आपली मुख्य भाषा म्हणून नोंदवली. एवढ्या छोट्या भाषेला पाच लेखी रूपं आहेत. ऱ्हाइनच्या खोऱ्यातलं सुर्सिल्वान, मधल्या भागातली सुत्सिल्वान आणि सुर्मिरान, आणि एंगादीन खोऱ्यातली पुतेर आणि वालादेर. ही नुसती बोलीरूपं नव्हेत. पुतेरमध्ये नवा करार १५६० सालीच छापला गेला होता. पुढे धर्मपंथांची फाळणीही आड आली. एंगादीन प्रोटेस्टंट झालं, सुर्सिल्वानचा मोठा भाग कॅथलिक राहिला आणि ज्याची त्याची प्रार्थनेची पुस्तकं ज्याच्या त्याच्या रूपात छापली गेली.

सरकारी कागद पाच रूपांत काढणं परवडत नाही, म्हणून बहुतेकदा जर्मनच वापरली जाई. यावर उपाय म्हणून लिया रुमांचा या संस्थेने झुरिकचे प्राध्यापक हाइन्रिश श्मिड यांच्याकडे काम सोपवलं. १९८२ साली त्यांनी ‘रुमांच ग्रिझुन’ या समाईक लेखी भाषेचे नियम मांडले. त्यांची पद्धत साधी होती. सुर्सिल्वान, सुर्मिरान आणि वालादेर ही तीन रूपं शेजारी मांडायची आणि दोघांत जुळेल ते घ्यायचं.

‘घर’ हा शब्द घेऊ. सुर्सिल्वान म्हणते ‘काझा’, सुर्मिरान ‘च्येझा’, वालादेर ‘च्याझा’. तिन्ही वेगळे, म्हणून मोजणी एकेका ध्वनीची. पहिलं व्यंजन दोघांत ‘च’, एकात ‘क’, म्हणून ‘च’. पुढचा स्वर दोघांत ‘आ’, एकात ‘ए’, म्हणून ‘आ’. उत्तर ‘च्याझा’. इथे वालादेरवाला खूश. पण ‘अंडं’ या शब्दात त्याचा ओठ गोल करून उच्चारायचा ‘ए’सारखा स्वर गेला आणि सुर्मिरानचा ‘ओव’ आला. नव्या भाषेत त्या स्वराला अक्षरच नाही. सुर्सिल्वानमध्ये ‘चांगला माणूस’ म्हणताना ‘बिएन’ आणि ‘माणूस चांगला आहे’ म्हणताना ‘बुन्स’ असा भेद आहे. इतर दोघांत तो नाही, म्हणून नव्या भाषेत दोन्हीकडे ‘बुन’. प्रत्येक निवाडा न्याय्य आहे. पण सगळे निवाडे एकत्र आले की तयार झालेली भाषा कुणाच्याच आजीची राहत नाही.

सरकारी पत्रकासाठी हे चालतं. प्रौढ माणूस ‘च्याझा’ वाचतो, मनात ‘काझा’ म्हणतो आणि पुढे जातो. श्मिड यांनाही खोऱ्याखोऱ्यांतली रूपं पुसायची नव्हती. त्यांवर एक समाईक छप्पर हवं होतं. पण २००३ साली प्रांताच्या विधिमंडळाने खर्च वाचवण्यासाठी ठरवलं की नवी शालेय पुस्तकं फक्त या भाषेत निघतील. २००७ पासून काही शाळांत मुलं तिच्यातच लिहायला शिकू लागली. आता प्रश्न वाचण्याचा उरला नव्हता. मुलाने घरचा शब्द लिहिला तर ती चूक ठरणार होती, आणि बरोबर शब्द कसा बोलला जातो हे ऐकायला गावात कुणीच नव्हतं. पालक संघटित झाले. २०११ साली विधिमंडळाने माघार घेतली, पुस्तकं पुन्हा खोऱ्यांच्या रूपांत निघू लागली आणि गावांमागून गावं परत फिरली.

या अपयशाचं खापर श्मिड यांच्या शुद्धलेखनावर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही. नियम तेच होते, जागा बदलली. वाचनासाठी केलेलं साधन लेखनाच्या पहिल्या धड्याला लावलं गेलं.

शेजारच्या गोव्यात कोंकणीने दुसरी वाट धरली. तिथे मिश्रण केलं नाही. लेखी प्रमाणाचा कल अंत्रूज भागातल्या बोलीकडे राहिला आणि १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असं ठरवलं. या भाषेला जिवंत बोलणारे आहेत, हा तिचा फायदा. पण रोमी लिपीत लिहिणाऱ्या साष्टी-बारदेशच्या ख्रिस्ती लेखकाला ती आपली वाटत नाही. एका वाटेवर भाषा कुणाचीच नसते, दुसऱ्या वाटेवर ती काहींचीच असते.

म्हणून कोणत्याही प्रमाणीकरणाला मी आता एक कसोटी लावतो. नियमांचं पुस्तक बाजूला ठेवून पहिलीच्या मुलाची वही उघडायची. तिथे तांबडी रेघ कशावर पडली आहे? अक्षराच्या चुकीवर, की आईच्या शब्दावर?