कल्पित गावाचा जमाखर्च

ग्रामीण कादंबरीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा भाषेभोवती फिरते. बोली अस्सल आहे की नाही, माणसे जिवंत उतरली आहेत की नाही, निसर्ग केवळ पार्श्वभूमी म्हणून आला आहे की काय, हे प्रश्न आपण वारंवार विचारतो. त्या गावातील माणसे काय खातात, ते धान्य कोठे पिकते, मीठ कोठून येते आणि अडल्या वेळी कोणाच्या दारात जावे लागते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः गाव खरे वाटणे किंवा न वाटणे पुष्कळदा याच गोष्टींवर अवलंबून असते. बोली सदोष असली तर वाचक क्षणभर अडखळतो. पण गावाचा जमाखर्च जुळत नसेल तर नेमके काय चुकले हे त्याला सांगता येत नाही, आणि तरीही त्याचा विश्वास उडतो.

आमचा विभाग शीव येथे आहे, हा योगायोग या विषयाला पोषकच म्हणावा लागेल. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची हद्द येथे संपत असे म्हणून या भागास हे नाव पडले. गावाचे अर्थकारण कल्पिताना लेखकाने पहिल्याने ठरवावयाची गोष्ट हीच असते: शिवेच्या आत काय होते आणि शिवेबाहेरून काय येते.

एक उदाहरण प्रत्यक्ष मांडून पाहू. लेखकाने माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात शंभर घरांचे गाव कल्पिले आहे, असे समजा. घरटी पाच माणसे धरली तर पाचशे तोंडे झाली. लहानमोठ्यांची सरासरी काढून माणशी दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरली, तर वर्षाला सुमारे 912 क्विंटल धान्य नुसते खाण्यास लागते. कोरडवाहू जमिनीत एकरी दोन क्विंटल शाळू निघाला तर साल बरे गेले असे तेथील शेतकरी म्हणेल. म्हणजे खाण्यापुरतीच साडेचारशे एकरांहून अधिक जमीन पेऱ्याखाली हवी. लेखकाने उदार होऊन 600 एकर दिली असे धरू. पीक 1200 क्विंटल झाले. खाणे वजा जाता 288 उरले. एकरी चार किलोप्रमाणे 24 क्विंटल बियाण्यास ठेवले, तर 264 क्विंटल हातात राहिले. मीठ, तेल, कापड, लग्नकार्य, सारा, जत्रा आणि जुने देणे हे सर्व या 264 मध्ये बसवावयाचे आहे.

आता पाऊस निम्मा पडला आणि पीक निम्म्यावर आले असे समजू. 600 क्विंटल आले. खाण्यास आणि बियाण्यास मिळून 936 लागतात. तूट 336 क्विंटलांची. मागील वर्षाची शिल्लक कोणी कणही न विकता राखली असती, तरी ती पुरली नसती. अशा गावात दुष्काळाचे वर्णन करण्यासाठी भेगाळलेल्या भुईची आणि घिरट्या घालणाऱ्या घारींची गरज नाही. एका वर्षाची बचत पुढच्या वर्षाची तूट भरू शकत नाही एवढे जरी कथानकात दिसले, तरी माणसे गाव का सोडतात ते समजते. हे आकडे अर्थातच ढोबळ आहेत, आणि ते कादंबरीत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. ते लेखकाच्या वहीत असावेत एवढेच म्हणणे आहे.

हीच वही बलुत्याच्या प्रश्नातही उपयोगी पडते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक 1915 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून बारा बलुतेदारांची यादी मराठी लेखकाच्या हाताशी आहे, आणि होतकरू लेखक ती यादी जशीच्या तशी कथेत ओततो. प्रत्येक वाडीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव ओळीने हजर असतात आणि प्रत्येकाला एकेक विनोदी संवाद मिळतो. परंतु बलुतेदाराचे कुटुंबही जेवते. पाच माणसांना वर्षाला नऊ क्विंटलांच्या आसपास धान्य हवे. आपल्या कल्पित गावात 600 एकरांसाठी सुमारे 35 औते असतील असे धरले, तर एकटा सुतार केवळ बलुत्यावर जगण्यासाठी दर औतामागे पंचवीस-सव्वीस किलो धान्य त्याच्या पदरात पडले पाहिजे. गाव त्याचे एक घर पोसू शकेल, कदाचित दोन. बारांची बारा घरे पोसावयाची तर 110 क्विंटल हवेत, म्हणजे 55 एकरांचे सबंध पीक. यामुळेच लहान गावांत बलुतेदार अपुरे असत, एकच कारागीर दोन-तीन गावे सांभाळी, किंवा त्याला इनामाचा तुकडा असे. पस्तीस औतांच्या गावात भावाभावांत बलुते वाटले गेले की एक भाऊ बाहेर पडणार, हे गणितानेच ठरते. ही खरी कथावस्तू आहे, आणि यादीत ती सापडत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. माडगूळकरांनी पूर्ण गाव घेतलेच नाही. औंध संस्थानातील धनगरांची एक वस्ती घेतली. वस्तीला सगळे कारागीर परवडत नाहीत, म्हणून नसलेल्या गोष्टींसाठी बाहेर जावे लागते, आणि ही उणीवच कादंबरीच्या हालचालीचे कारण होते. मेंढपाळाचे अर्थकारण शेतकऱ्याहून निराळे असते. त्याची मालमत्ता चालती असते. ती दुसऱ्याच्या रानात बसवून खताच्या मोबदल्यात धान्य मिळते. लोकर कातरली जाते, तिची घोंगडी होतात, त्यांना चिंचोक्याची खळ लागते. आणि पाऊस हुकला की ही मालमत्ता घेऊन माणूस निघून जाऊ शकतो. कुणब्याला शेत उचलून नेता येत नाही. कादंबरीच्या अखेरीस वस्ती ओस पडते ती या कारणाने पटते. तेथे लेखकाने करुणरस ओतलेला नाही. धनगराने जे केले असते तेच पात्रांनी केले आहे.

शेकूचा प्रसंगही असाच पाहावा. त्याच्याजवळ एकच बैल आहे, आणि बायको बैलाच्या जोडीला औताला खांदा देते. या प्रसंगातील कारुण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातील हिशेब महत्त्वाचा वाटतो. एका बैलाला शेतीत जवळजवळ काहीच किंमत नाही. म्हणूनच खेड्यात सावड असते: माझा एक, तुझा एक, आज तुझे रान, उद्या माझे. पण पेरणीची ओल थोडेच दिवस टिकते आणि ज्याच्याजवळ जोडी आहे तो त्याच दिवसांत स्वतःच्या रानात गुंतलेला असतो. सर्वांची गरज एकाच आठवड्यात येते, म्हणून ज्याला काही परत देता येत नाही तो मागे राहतो. हे वर्मावर बोट ठेवणारे निरीक्षण आहे. हाच प्रसंग एखाद्या दुष्ट सावकाराच्या अंगावर ढकलला असता तर तो स्वस्त झाला असता.

आनंदा रामोश्याकडेही या अंगाने पाहता येते. राखण करणे हा ज्या जातीचा परंपरागत हक्काचा धंदा, तिच्यातला हा माणूस भुरट्या चोऱ्या करतो. वाडी त्याला ओळखून असते आणि सामावूनही घेते. राखणीचे बलुते आटले म्हणजे राखणदाराने काय करावे, याचे उत्तर माडगूळकरांनी प्रवचनाविना दिले आहे.

‘बनगरवाडी’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. निवेदक शाळामास्तर आहे. त्याचा पगार संस्थानाकडून येतो. तो वाडीच्या धान्यावर जगत नाही. त्यामुळे जे लोक त्याच्याकडे कामे घेऊन येतात त्यांच्याच अडचणी आपल्याला कळतात. सत्ता दिसते ती कारभाऱ्याच्या शब्दात आणि वडीलकीत. त्या वडीलकीखाली किती मेंढरे आणि किती उसनवारी आहे, हे पाहण्याची मास्तरला सोय नाही. तालीम बांधण्यासाठी वाडी राबते तो भाग सुंदर आहे; पण ते मनुष्यबळ कोणत्या कामातून काढले, याचा विचार जितका यावा तितका येत नाही, असे मला वाटते.

सत्तेच्या बाबतीत श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (1952) या कादंबरीची मांडणी अधिक स्पष्ट आहे. तेथे खोत आहे, आणि त्याच्या सत्तेला जमिनीचा आधार आहे. बापू जो मोठा होतो तो जमिनीतून नव्हे, तर सुपारीच्या व्यापारातून. सुपारी ही खाण्याची वस्तू नव्हे, विकण्याची आहे. तिचे मोल शिवेबाहेर ठरते. म्हणून शिवेच्या आत ज्याला कोणी विचारीत नाही, त्याला त्या वाटेने वर चढता येते. मुंबई इलाख्यात खोती नष्ट करणारा कायदा 1949 चा. कादंबरी त्यानंतर लवकरच आली. खोताची पत ओसरण्याचे आणि व्यापाऱ्याची पत वाढण्याचे कारण पेंडशांनी वस्तूतच ठेवले आहे.

यावरून लेखकाने आपल्या गावाचे साल का ठरविले पाहिजे तेही ध्यानात येते. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने गेले, महार वतन 1958 च्या, पाटीलकी 1962 च्या. जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला, आणि नंतरच्या काळात पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील पुढारी सोसायटीच्या कर्जावर आणि उसाच्या तोडीवर हुकमत ठेवू लागला. 1970 च्या गावात वतनदार पाटील केवळ मिशीच्या बळावर राज्य करताना दाखविला, तर तो पाटील त्या सालचा नव्हे. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’त (1968) वैद्यजी सत्ता चालवितात ती महाविद्यालय आणि सहकारी संस्था यांच्याद्वारे, तेथे सालाची चूक नाही.

कोकणातल्या कल्पित गावांचा एक दोष आम्हां मुंबईकरांना विशेष जाणवतो. रत्नागिरीकडील गाव रंगविताना लेखक माड, भात, मासळी आणि भुते यांची व्यवस्था करतो, पण मनिऑर्डर विसरतो. लालबाग-परळच्या चाळींतून गाववाल्यांच्या सामायिक खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने निजणारे गिरणीकामगार खानावळीचे पैसे भागवून उरलेले गावी धाडीत. गावात भात चार-सहा महिने पुरे, पुढे दुकानदार उधार देई तो मनिऑर्डरीच्या भरवशावर. तेव्हा त्या गावात सत्ता कोणाची हे पाहताना दुकानदाराची वही आणि पोस्टमनची फेरी ही दोन्ही विचारात घ्यावी लागतात. शेतात राबणाऱ्या बहुतेक बायका असत, आणि गणपतीत किंवा शिमग्यात परतणारा चाकरमानी हाच तेवढे दिवस गावातला रोकड बाळगणारा मनुष्य असे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. 1983 सालच्या कोकणी गावाची कथा लिहावयाची असेल, तर त्या वर्षी दुकानदाराने वही कधी मिटली हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने कादंबरीचे हस्तलिखित वाचावयास दिले होते. त्यातील म्हातारी दर दुसऱ्या पानावर भाकरी थापत होती. ज्वारी कोणाच्या शेतातली, असे मी त्याला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला की म्हातारीला शेत दिलेले नाही. त्याने पुन्हा लिहिले तेव्हा ती श्रावणात सवाईने धान्य उसने घेऊ लागली, माघात शाळू निघताच चार पायल्यांच्या पाच फेडू लागली, आणि ज्याच्याकडून ती घेते त्याच्या सुनेचे बाळंतपण तिला फुकट करावे लागले. भाकऱ्यांची वर्णने निम्म्याने कमी झाली होती.