नवी तार, जुनं झुंबर

आज आपण एका वाक्यावर बोलणार आहोत. जुन्या वस्तूंच्या बाजारात, लिलावाच्या याद्यांत, कधी कधी वाड्यांच्या मालमत्तेच्या नोंदींतही ते वाक्य सर्रास भेटतं: ‘मूळ वायरिंग, सर्व लोलक मूळ.’ हे लिहिलं की किंमत चढते. ‘वायर नवीन, काही लोलक बदललेले’ असं लिहिलं की उतरते. आमचं म्हणणं असं आहे की ही चढ-उतार बऱ्याचदा उलटी लागते, आणि वयाचा अंदाज तर त्याहून जास्त चुकतो.

उदाहरण एकच घेऊ, पण नीट उलगडून बघू. आमच्याकडे तपासायला आलेलं बारा फांद्यांचं काचेचं झुंबर. एका जुन्या घराच्या दिवाणखान्यातलं. सोबतच्या कागदावर लिहिलेलं: ‘ऑस्लर, सुमारे १८६०, मूळ कापडी वायरिंग, सर्व लोलक मूळ.’

ऑस्लर म्हणजे बर्मिंगहॅमची एफ. अँड सी. ऑस्लर. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मधोमध काचेचं प्रचंड कारंजं होतं ना, ते यांचं. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की १८४० च्या दशकातच त्यांनी कलकत्त्यात दालन उघडलं होतं. संस्थानिक, जमीनदार, मोठे व्यापारी हे त्यांचं गिऱ्हाईक. त्यामुळे आपल्याकडे ऑस्लर सापडणं यात नवल काही नाही. नवल आहे ते त्या कागदात. १८६० सालचं झुंबर आणि त्याला ‘मूळ’ वायरिंग? एडिसनचा दिवा १८७९ चा. कलकत्त्यात वीजपुरवठा सुरू झाला १८९९ साली, मुंबईची बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ ची. म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर झुंबर १८६० चं नाही, किंवा वायर मूळची नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. तरीही ही जोडी कागदावर सुखाने नांदते, कारण ‘कापडी’ या शब्दाचा दबदबा आहे.

तर आधी ती कापडी वायर बघू. जुन्या वायरीत बारीक तांब्याच्या तारा, त्यावर रबर, त्यावर सुती किंवा रेशमी वीण असायची. रबरात गंधक असतो आणि गंधक तांब्याला खातो, म्हणून त्या काळी तारांना कथिलाचा मुलामा देत. टोक कापलं की तारा रुपेरी दिसतात आणि रबर बिस्किटासारखं तुटतं. आजही सजावटीसाठी वरून कापड असलेली वायर नवीन मिळते, पण तिच्या आत प्लॅस्टिक असतं आणि तांबं लालसर, चकचकीत. या झुंबराची वायर टोकाला सेंटीमीटरभर कापली. लाल तांबं, आत प्लॅस्टिक. म्हणजे ही ‘मूळ’ वायर हल्लीच कधीतरी कोणीतरी हौसेने, जुनं दिसावं म्हणून घातलेली.

आणि समजा, खरीच जुनी रबरी वायर निघाली असती तर? तर ती आधी काढावी लागली असती. दिव्याच्या उष्णतेने रबर तडकतं, उघडी तार पितळेला टेकते, आणि त्या जुन्या दोन तारांच्या जोडणीत अर्थिंग नसतं. मग अख्खा पितळी सांगाडा जिवंत होतो. अशा झुंबराला ‘मूळ वायरिंग’ म्हणून जास्त पैसे देणं म्हणजे धोक्यासाठी वर बक्षीस देणं. वायर ही वातीसारखी गोष्ट आहे, बदलायचीच असते. ती सांगते ते एवढंच, की झुंबर शेवटचं कधी उघडलं गेलं. स्क्रूचंही तेच. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की लोक म्हणतात ‘नवीन माल’. तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा, हे बरोबर. पण तो स्क्रू झाला, झुंबर नव्हे.

मग वय कुठे वाचायचं? ज्या भागांना हात लावायचं कोणाला कारणच पडलं नाही, तिथे. या झुंबरात पहिला साक्षीदार म्हणजे फांद्या. बारापैकी दहा फांद्या भरीव काचेच्या होत्या. आत पोकळी नाही, त्यामुळे वायर बाहेरून, काचेला बारीक तारेने बांधत वर नेलेली. फांदी मुळात गॅससाठी किंवा विजेसाठी केली असती, तर ती आतून पोकळ ठेवली असती. भरीव फांदी म्हणजे मेणबत्तीचा काळ, वीज नंतर आली. म्हणजे बघा, ज्या लोंबत्या वायरीमुळे हे झुंबर ओबडधोबड दिसतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, तीच वायर त्याच्या जुनेपणाच्या बाजूने बोलते!

उरलेल्या दोन फांद्या पोकळ निघाल्या. त्यांची वायर आतून, अगदी सुबक. फांदीच्या बुडाला पितळी टोपी असते आणि ती मधल्या पितळी वाटीच्या खाचेत बसते. टोपीवर आणि खाचेवर जुळणारे आकडे कोरलेले असतात, कारण हाताने वाकवलेल्या दोन फांद्या कधी तंतोतंत सारख्या नसतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. दहा टोप्यांवर आकडे होते. चार आणि नऊ या खाचांत मात्र बिनआकड्याच्या टोप्या. दहा टोप्यांत काच प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली, पिवळट, जुनं. या दोनांत पिवळसर पारदर्शक एपॉक्सी. म्हणजे दोन फांद्या मोडल्या आणि बऱ्याच नंतर बदलल्या.

प्रत्येक फांदीवर काचेची चिमणीसारखी उभी शेड होती. युरोपातली झुंबरं डोळ्यांसमोर ठेवून बोलणारे जाणकार या शेडना ‘नंतरची भर’ म्हणतात. इथे ते फसतात. भारतासाठीच्या मालात वाऱ्यापासून आणि पंख्याच्या झोतापासून ज्योत वाचवायला शेड मुळातच असायच्या. आपल्या हंड्यांमागचं कारणही तेच. शेड धरणारं पितळी कडं त्या दहा फांद्यांवर एकाच ओतकामाचं होतं, एकाच तऱ्हेने झिजलेलं. ते मूळचंच.

मधला दांडा बघू. काचेचे भाग एका धातूच्या सळईत ओवलेले असतात. वायर खाली आणायला सळई काढून पोकळ नळी घालतात, आणि हे झालेलं होतंच. नळीच्या आट्यांवरून तिचं वय काढता येतं, पण जपून. ब्रिटिश पितळी कामात इंचाला सव्वीस आटे, आजच्या मेट्रिक नळीवर एका मिलिमीटरला एक आटा. दोन्हींत फरक इतका थोडा की डोळ्याला कळत नाही. म्हणून व्यास मोजायचा. ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर भरला तर इंचाचं काम, बरोबर १० भरला तर मेट्रिक. आमचा भरला १०. नळी अलीकडची. पण काच न कापता, न भोसकता बसवलेली, उद्या काढता येईल अशी.

मेणबत्तीच्या पितळी वाट्यांना मात्र बाजूने ड्रिलने भोकं पाडलेली होती, कडांना किस तसाच. हे नुकसान परत भरून येत नाही. जागा लहान आहे, पण ‘पुन्हा लावलेली वायर’ आणि ‘वायरीसाठी भोसकलेली वस्तू’ यांत जो फरक करायला हवा, तो नेमका हा. कागदावर दोन्हींना एकच शब्द असतो.

आता लोलक. एकूण दोनशे चाळीस. ते सगळे उतरवून पांढऱ्या चादरीवर मांडले. हे काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक वाद ते न केल्यामुळेच होतात. जुन्या हाताने घासलेल्या लोलकांत लांबी मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होते, पैलू एकाच ठिकाणी मिळत नाहीत, खालच्या टोकाला आपटून बारीक टवके गेलेले असतात, भोकाच्या आत काजळी आणि तेलकट मळ बसलेला असतो. यंत्राने घासलेले एकसारखे. साच्यात ओतलेल्यांच्या कडा बोथट, कुठेतरी साच्याची रेघ. शेहेचाळीस लोलक वेगळे निघाले. त्यांना पितळी काड्यांऐवजी क्रोमच्या चकचकीत कड्या होत्या. पण कड्यांवर विसंबू नये. कड्या जुन्या लोलकालाही बदलतात.

मग वजन केलं. सोनाराचा काटा पुरतो. जुना लोलक हवेत ३१ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवला तर २१. फरक दहा, म्हणजे काच पाण्याच्या ३.१ पट जड. शिशाची काच. वेगळ्या काढलेल्यांपैकी एक २५ ग्रॅम, पाण्यात १५. अडीच पट, साधी काच. पण ही परीक्षा एकाच बाजूने चालते. साधी काच निघाली तर त्या इंग्रजी झुंबराचा तो मूळ लोलक नाही. शिशाची निघाली म्हणून जुनी ठरत नाही, शिशाचे लोलक नंतरही बनत राहिले आहेत. अतिनील टॉर्चचंही असंच. अंधारात एका माळेतले दोन लोलक वेगळ्या रंगाने उजळले तर ते एका भट्टीचे नव्हेत एवढंच कळतं. ‘निळा म्हणजे जुना’ असं कोणी छातीठोक सांगू लागलं, तर टॉर्च बंद करावा.

शेहेचाळीसपैकी चाळीस लोलक सगळ्यात खालच्या झालरीतले होते. साफसफाईत तेच फुटतात. हे वापराचं वय आहे, आणि आमच्या मते त्याने किंमत फारशी उतरू नये. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते एकसारखं दिसावं म्हणून सगळेच्या सगळे लोलक नवीन घालतात तेव्हा. झुंबर लखलखतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि दोनशे जुने लोलक सुटे विकले जाऊन दुसऱ्या कुठल्या तरी झुंबराचे ‘मूळ’ होतात.

पितळी ब्रॅकेट आणि गॅसचे दिवे यांबद्दल वेगळं व्याख्यान करू, आज एवढंच. फांदीवर गॅसची चावी शिल्लक असेल तर ती फिरवून बघा, आत नळीला खरंच वाट आहे का. नसेल तर ती शोभेची चावी, वीज आल्यावर जुन्या नमुन्यावर केलेली. आणि पितळेचा काळेपणा उंचवट्यावर आणि खोबणीत सारखाच असेल तर तो आम्लाने आणलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या पुसलेल्या पितळेत उंचवटे उजळतात, खोबणी काळी राहते.

आता किंमत. विक्रेत्याच्या हिशेबात ‘मूळ वायर’ अधिक, ‘मूळ लोलक’ अधिक, लोंबती वायर वजा. आमच्या हिशेबात आधी मधल्या दांड्याची काच, मग फांद्या, मग लोलक, आणि वायर शेवटी. दांड्याची काच पूर्ण मूळची, हा मोठा ऐवज. दोन फांद्या परक्या, ही खरी घट, कारण झुंबराचा घेर त्यांनी ठरतो आणि तशी फांदी सहज मिळत नाही. भोसकलेल्या वाट्या, मध्यम घट. शेहेचाळीस लोलक, थोडी. वायरीचं तर उलटंच: अर्थिंगसह नीट नवीन वायर असती तर आम्ही किंमत वाढवली असती. ‘ऑस्लर’ या नावाचंही बघा. त्यांच्या कित्येक झुंबरांच्या धातूवर नाव ठोकलेलं असतं. या झुंबरावर कुठेही नव्हतं. घडण त्या तऱ्हेची आहे, एवढ्यावर नाव देणं आम्हाला पटलं नाही.

त्यामुळे कागद नवा लिहिला. ‘इंग्रजी घडणीचं काचेचं झुंबर, मेणबत्त्यांसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचं. फांद्या बारा, पैकी क्रमांक चार व नऊ नंतरच्या. शेड मूळ धर्तीच्या. लोलक दोनशे चाळीस, पैकी शेहेचाळीस बदललेले, जागा चित्रात दाखवल्या आहेत. विजेसाठी फेरफार नंतरचा, मेणबत्तीच्या वाट्यांना भोकं, काच अभंग. सध्याची वायर अर्थिंगशिवाय, लावण्यापूर्वी बदलावी. काढलेली नळी व होल्डर सोबत पिशवीत ठेवावेत.’ मालकांनी तो वाचला आणि विचारलं, यात ‘मूळ’ हा शब्द एकदाच का? आम्ही म्हटलं, शेडपुरता तो सिद्ध करता आला.