आकृतीत विसरलेल्या भिंती

द्रवाच्या दाबावरील धड्यात एक आकृती हमखास असते. एक सरळ नळकांडे, एक वर पसरत गेलेले पात्र आणि एक वर निमुळते होत गेलेले पात्र. तिन्हींचे तळ सारखे आणि तिन्हींत पाणी सारख्याच उंचीपर्यंत. खाली वाक्य असते: 'तळावरील दाब पात्राच्या आकारावर अवलंबून नसतो.' विधान बरोबरच आहे. आमची तक्रार आहे ती त्याच्या सिद्धतेबद्दल.

ही सिद्धता बहुधा अशी दिली जाते: नळकांड्यातील पाण्याचे वजन काढायचे, त्याला तळाच्या क्षेत्रफळाने भागायचे, की दाब = उंची × घनता × गुरुत्वीय त्वरण हे सूत्र मिळते. पुढे तेच सूत्र उरलेल्या दोन पात्रांनाही लावून टाकतात. पण तेथे वजनाला क्षेत्रफळाने भागले तर हे उत्तर येतच नाही! विचार करणारा विद्यार्थी नेमका येथे अडतो. पसरट पात्रातल्या जास्तीच्या पाण्याचे वजन गेले कुठे? त्याला 'हा द्रवस्थितिक विरोधाभास आहे' असे सांगणे म्हणजे प्रश्नाला नाव देणे झाले, उत्तर देणे नव्हे.

उत्तर भिंतींत आहे. ते स्पष्ट दिसावे म्हणून तिरप्या भिंतींऐवजी पायरी असलेले पात्र घेऊ. तळ १०० चौ. सेंमी., खालचा भाग १० सेंमी. उंच, त्यावर १० चौ. सेंमी. छेदाची, १० सेंमी. उंच मान. पाणी काठोकाठ भरले तर ते १,००० + १०० = १,१०० घ. सेंमी., म्हणजे १,१०० ग्रॅम होते. (सोयीसाठी बलही ग्रॅमभारातच मोजू आणि हवेचा दाब आत-बाहेर सारखा असल्याने सोडून देऊ.)

मानेच्या बुडाशी, १० सेंमी. खोलीवर, दाब दर चौ. सेंमी.ला १० ग्रॅम. त्याच पातळीवर बाजूला, खांद्याच्या आडव्या पत्र्याखाली, दाब किती? तितकाच, कमी-जास्त असता तर पाणी आडवे वाहू लागले असते, आणि आपले पाणी तर स्थिर आहे. म्हणजे खांद्याच्या ९० चौ. सेंमी. पत्र्याला पाणी ९०० ग्रॅम बलाने वर ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पत्राही पाण्याला ९०० ग्रॅम बलाने खाली दाबतो. तळावर बल पडते ते १,१०० + ९०० = २,००० ग्रॅम. सूत्रही हेच सांगते: २० × १०० = २,०००.

आता मानेऐवजी ३०० चौ. सेंमी.चा रुंद भाग बसवा. पाणी १,००० + ३,००० = ४,००० ग्रॅम. पण बाहेर आलेल्या २०० चौ. सेंमी. कडेने २,००० ग्रॅम भार तोलून धरला आहे. तळाच्या वाट्याला पुन्हा २,०००च. तिरपी भिंत म्हणजे अशा अनेक बारीक पायऱ्याच समजाव्यात. सरळ भिंत मात्र पाण्याला फक्त आडवे ढकलते, वर किंवा खाली नाही. म्हणूनच नळकांड्याची सिद्धता भिंतींचा उल्लेख न करताही खपून जाते.

'मग अरुंद मानेचे पात्र तराजूवर २,००० ग्रॅम दाखवील का?' असा प्रश्न वर्गात यायलाच हवा. नाही. पाणी तळाला २,००० ग्रॅमने खाली दाबते आणि खांद्याला ९०० ग्रॅमने वर उचलते. दोन्ही एकाच पात्राचे भाग असल्याने तराजूला कळतात ते १,१०० ग्रॅमच (आणि पात्राचे स्वतःचे वजन). तळ वेगळा, सैल ठेवून स्वतंत्रपणे तोलला तरच २,००० दिसतील. तळावरचे बल आणि पाण्याचे वजन या दोन वेगळ्या राशी आहेत, हे स्टेव्हिनने १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले होते. आपल्या आकृतीत मात्र त्या अजूनही एकमेकींत मिसळतात.

या नियमाची मर्यादाही सांगायला हवी. तो स्थिर द्रवाचा नियम आहे. कणगीत धान्य भरले तर दाणे भिंतीशी घासतात आणि सरळ भिंतही त्यांचा बराच भार उचलते. खोल कणगीत उंची वाढवत नेली तरी तळावरील दाब त्या प्रमाणात वाढत नाही. स्थिर पाण्याला भिंतीवर असे घर्षण नसते. ते भिंतीला फक्त काटकोनातच ढकलू शकते.

म्हणून पाठ्यपुस्तककारांना आमची सूचना एवढीच: ती आकृती राहू द्या, पण भिंतींवर बाण काढा. आणि नळकांड्याच्या सिद्धतेनंतर 'तसेच इतर पात्रांतही' असे लिहिण्याऐवजी एका पायरीच्या पात्राचा हिशेब मुलांकडून करवून घ्या.