श्राव्य वर्णन: 'शतरंज के खिलाडी'च्या संहितेत काय घालावे, काय गाळावे

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांसाठी चित्रपटाच्या संहितेत दोन संवादांमधल्या रिकाम्या जागी दृश्य सांगणाऱ्या ओळी घालतात. यालाच श्राव्य वर्णन किंवा ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी प्रदर्शनासाठी असे हिंदी वर्णन तयार करण्याचा आदेश दिला. मात्र वर्णन जोडले म्हणजे ते चांगलेच असते असे नाही. ते कसे पारखावे हे सत्यजित राय यांच्या १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटावरून पाहू. त्याचे कथानक १८५६ मधल्या लखनौत घडते.

चित्रपटाच्या आरंभी बुद्धिबळाचा पट आणि सोंगट्या हलवणारे हात जवळून दिसतात. अमिताभ बच्चन यांचे निवेदन मात्र त्या हातांविषयी सेनापती आणि रणांगण यांच्या भाषेत बोलते. डोळस प्रेक्षकाला समोर पट दिसत असल्याने यातला उपहास लगेच कळतो. वर्णन नसेल, तर ऐकणाऱ्याला खरेच युद्ध चालले आहे असे वाटेल.

वर्णनाचा पहिला मसुदा असा असू शकतो: "मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन आळशी सरदार बुद्धिबळ खेळण्यात दंग आहेत." यात तीन दोष आहेत. चेहरे अजून दिसलेले नाहीत. ते दिसतात तेव्हा निवेदनच नावे सांगते. 'आळशी' हा वर्णनकाराचा निवाडा आहे. शिवाय वाक्य लांब आहे. सावकाश वाचताना सेकंदाला साधारण दोन शब्द धरले, तर त्याला सात-आठ सेकंद लागतील आणि ते निवेदनावर चढेल.

सुधारलेली ओळ अशी: "बुद्धिबळाचा पट. दोन हात सोंगट्या हलवतात. चेहरे दिसत नाहीत." एवढ्याला चार-पाच सेकंद पुरतात. ही ओळ निवेदनाच्या आधीच यायला हवी. नंतर आली तर उपहास हुकतो.

दुसरी कसोटी शेवटी लागते. इंग्रजी पद्धतीच्या बुद्धिबळात वजिराच्या जागी राणी असते, हे चित्रपटात आधीच सांगितलेले आहे. कंपनीची फौज लखनौत शिरल्यावर दोघे खेळाडू त्या पद्धतीने डाव मांडतात आणि वजिराला उठवून मलिका व्हिक्टोरियाला जागा देतात. अवध गेल्याची ही खूण संवादातूनच ऐकू येते. पण इंग्रजीत वर्णन लिहिणाऱ्याने सवयीने सुरुवातीपासूनच 'क्वीन' म्हटले असेल, तर शेवटी काही बदलल्याचे जाणवणारच नाही. मराठीत आपण आजही त्या सोंगटीला वजीर म्हणतो, त्यामुळे मराठी वर्णनात हा धोका आपोआप टळतो.

मात्र वर्णनाला मर्यादाही आहे. हातांची लकब, कपड्यांचे विणकाम, दालनातला उजेड हे सगळे पाच सेकंदांत मावत नाही. काहीतरी गाळावेच लागते. म्हणून वर्णन तपासताना चित्र बंद करून ऐकावे आणि दोन गोष्टी पाहाव्यात: डोळस प्रेक्षकाला त्या क्षणी जे कळते ते ऐकणाऱ्याला कळले का, आणि त्याच्याआधी काही फुटले का.