वारा किती वेळा आला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या बेचाळीस कविता एका फाइलमध्ये जमवल्या आणि बोरिवली ते चर्चगेट एका प्रवासात सलग वाचल्या. अंधेरी येईपर्यंत मला स्वतःचाच कंटाळा आला होता. सुटी वाचताना प्रत्येक कविता बरी वाटायची. एकत्र वाचल्यावर कळलं की जवळपास सगळ्या एकाच ठिकाणी पोचतात. वारा सुटतो, मन भरून येतं, डोळ्यांत पाणी येतं, कविता संपते.

मग मोजायला बसलो. फोनमध्ये ‘वारा’ शोधलं, तर सात ठिकाणी सापडला. हायसं वाटलं, पण मराठीत शब्द असा सरळ हाती लागत नाही. विभक्ती लागली की ‘वारा’चं ‘वाऱ्याने’, ‘वाऱ्यावर’ होतं, आणि ‘वारा’ शोधणाऱ्या फोनला ते दिसत नाही. ‘पाऊस’ शोधून ‘पावसात’ मिळत नाही, ‘डोळे’ शोधून ‘डोळ्यांत’ मिळत नाही. म्हणून शब्दाचं सामान्यरूप वेगळं शोधावं लागतं. ‘वाऱ्या’ शोधलं, आणखी नऊ. काही जुन्या कविता दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या होत्या, तिथला अर्धा र वेगळा उमटलेला. त्या डोळ्यांनी वाचून काढल्या, आणखी तीन. एकूण एकोणीस. ‘मन’चं उलटं होतं. ते शोधलं की ‘नमन’ आणि ‘सामना’सुद्धा वर येतात, ते हातानं वगळावे लागतात.

यानंतर मी जी चूक केली, ती बहुतेक जण करतात. समानार्थी शब्द घातले. अश्रूंच्या जागी आसवं, आसवांच्या जागी टिपं. आकडा उतरला, पण कविता होती तिथेच राहिली. शब्द बदलला होता, चित्र तेच होतं.

तेव्हा अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ पुन्हा उघडली. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं ती २००३ साली काढली. आख्खं जाडजूड पुस्तक बायकांच्या रडण्याभोवती फिरतं. माझ्या हिशेबानं पाहिलं तर मराठीतली सगळ्यात मोठी पुनरुक्ती. तरी वाचताना एकसुरी वाटत नाही. का?

कारण तिथे रडणं कधी नुसतं ‘रडणं’ नसतं, ते कुणाचं तरी असतं. इसिस मारल्या गेलेल्या नवऱ्याला शोधते आहे. नादेज्दाचा नवरा, कवी मांदेलश्ताम, स्टालिनच्या छावणीत मेला, आणि कागद धोक्याचा म्हणून ती त्याच्या कविता पाठ करून जपते. किम ही १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये नापामनं भाजून रस्त्यावर धावत सुटलेली मुलगी. तिघींचे अश्रू अदलाबदल करून पाहा. होत नाहीत. नादेज्दाचं दुःख किमच्या अंगावर बसत नाही.

ही अदलाबदल मी कसोटी म्हणून वापरायला लागलो. माझ्या एका कवितेतल्या वाऱ्याची ओळ उचलून दुसऱ्या कवितेत ठेवायची. ती तिथेही आरामात बसली, तर ती दोन्हीकडे रिकामी बसली आहे. एकोणीसपैकी सोळा वारे असे निघाले. आणखी एक खूण म्हणजे त्यांची जागा. सोळापैकी अकरा शेवटच्या दोन ओळींत होते. म्हणजे पुढे काय लिहायचं ते सुचेना, तिथे मी वारा सोडत होतो.

एक उदाहरण देतो. आजी गेल्यावरची कविता अशी संपत होती:

वारा आला, पडदा हलला,
मन भरलं, डोळे भरले.

पडदा, वारा, मन, डोळे सगळं काढलं आणि स्वतःला विचारलं, त्या दिवशी घाटकोपरच्या खोलीत मी खरंच काय पाहत होतो? भांडी. आई नि काकू वाटणी करत होत्या, आणि प्रत्येक पातेल्याच्या काठावर आजीचं नाव कोरलेलं होतं. आता शेवट असा आहे:

काकूनं पातेलं उलटं धरलं,
नाव वाचलं, पिशवीत ठेवलं.

इथे कुणी रडत नाही. या ओळी दुसऱ्या कुठल्या कवितेत नेता येत नाहीत, एवढं मात्र नक्की.

उरलेले तीन वारे मी ठेवले. त्यातला एक लोकलच्या दारातला आहे. तो हातातली चिठ्ठी उडवतो, आणि चिठ्ठी गेली म्हणून पुढची गोष्ट घडते. तो काढला तर कविता कोसळते.

या कसोटीला मर्यादाही आहे. ती रिकामी ओळ दाखवते, भरायचं काय ते सांगत नाही. सोळापैकी सात कविता वारा काढल्यावर उरल्याच नाहीत. त्यांत वाऱ्याखेरीज काहीच नव्हतं. त्या मी फाइलमधून काढल्या. आता पस्तीस आहेत.