'निश्चिततुल्य परतावा' : संज्ञा आणि सूत्र

'निश्चिततुल्य परतावा' या संज्ञेतील पहिले पद वाचकास चकविते. जोखमीच्या गुंतवणूक-संचाचा परतावा या संज्ञेने निश्चित होत नाही. जो खात्रीचा दर आणि तो संच गुंतवणूकदारास सारखेच पसंत पडतील, तो दर म्हणजे निश्चिततुल्य परतावा होय. संज्ञेचा भर 'तुल्य' या पदावर आहे. आणि तुलना करणारी व्यक्ती सूत्रात A या जोखीमविमुखतेच्या गुणांकाने येते :

U = E(r) − ½Aσ²

एका संचाचा अपेक्षित परतावा १२ टक्के व प्रमाण विचलन २० टक्के आहे, असे समजू. A = ४ असता ०.१२ मधून ०.०८ वजा होऊन ४ टक्के उरतात. A = २ असता ८ टक्के उरतात. खात्रीचा दर ६ टक्के असेल, तर या दोन पर्यायांतून पहिला गुंतवणूकदार संच नाकारील, दुसरा स्वीकारील; A = ३ असणारा तटस्थ राहील. तेव्हा हा आकडा एकट्या संचाचा गुण नव्हे.

येथे अंक दशांशातच घ्यावे लागतात. टक्क्यांचे अंक तसेच घातले, तर A = ४ असता उत्तर उणे ७८८ येते; या विसंगतीवरूनच चूक ओळखावी.

सूत्राची मर्यादा σ² मध्ये आहे. सरासरीपासूनचा चढ आणि उतार ते समान लेखते. क्वचित परंतु प्रचंड तोटा संभवणाऱ्या संचाची भीती त्यात पुरती उतरत नाही. तेथे हा 'तुल्य' दर वाजवीपेक्षा मोठा दिसतो.